'चुकून मिसळलं' हे मला पटत नाही

१९९८च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत लोक पाय सुजल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येऊ लागले. आधी जुलाब-उलट्या, मग दोन्ही पायांना सूज. बोटाने दाबलं की खळगा पडायचा, वरची कातडी लालसर आणि दुखरी. काहींना धाप लागे. त्यातही एकाच घरातली तीन-चार माणसं एकदम, आणि अंगावर पिणारी तान्ही बाळं मात्र ठणठणीत. म्हणजे खोट स्वयंपाकघरात होती. शोध मोहरीच्या तेलापाशी थांबला, त्यात पिवळ्या धोत्र्याचं तेल होतं. साठच्या आसपास माणसं गेली, हजारो आजारी पडली.

पिवळा धोत्रा आपल्याकडेही रस्त्याकडेला दिसतो, काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा. त्याच्या बियांतलं सँग्विनरीन केशवाहिन्या सैल करतं, त्यांतून पाणी पाझरून पाय सुजतात. हृदयावर ताण येतो, कधी डोळ्यांत काचबिंदू होतो. उतारा नाही. तेल बंद करायचं, विश्रांती घ्यायची, लघवी वाढवणारी औषधं घ्यायची.

तेव्हा एक बाजू म्हणत होती की हे तण मोहरीच्या शेतात उगवतं, कापणीत बी आपोआप आलं असेल. मला हे पटत नाही. उत्तरेत मोहरी साधारण मार्चपर्यंत कापून होते आणि धोत्र्याची बोंडं त्यानंतर, एप्रिल-मे मध्ये पिकतात. थोडंफार बी येईलही. पण शहरभर माणसं आडवी पडावीत इतकं? कुणीतरी ते वेगळं गोळा केलं, वेगळं आणलं, असंच मला वाटतं. न्यायालयात टिकेल असा हा पुरावा नाही, हेही मान्य.

चाचणीवरही लोकांचा फार भरवसा. तेलात तेवढंच तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवायचं, खाली आम्लाच्या थराला लालसर-नारिंगी रंग आला की भेसळ. (घरी करू नका, हात जळेल.) पण ही चाचणी साधारण पाव टक्क्याच्या खालची भेसळ पकडत नाही. रंग आला नाही म्हणजे तेल शुद्ध, हा अर्थ चुकीचाच. कागदी क्रोमॅटोग्राफी त्याहून खूप कमी भेसळही पकडते, पण तिला प्रयोगशाळा लागते.

त्यानंतर सुट्या तेलावर बंदी आली. हातात डबा घेऊन घाणीवर जाणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय तुटली आणि लहान घाणीवाला भरडला गेला. पाकीटबंद तेलात भेसळ होतच नाही असं थोडंच आहे! दोष बाटलीचा नव्हता, बियांचा होता. आणि बी तेल काढण्याआधी तपासता येतं, तेही फुकट: मोहरीचं बी गुळगुळीत, दाबलं की आत पिवळं. धोत्र्याचं खरखरीत, आत पांढरं. पोत्यातून मूठभर बी काढून बघायला घाणीवाल्याला पाच मिनिटं लागतात.