काळजी करू नका, बॅटरी ४%

रात्री एक वाजून सात मिनिटांनी माझ्या फोनने माझ्या नवऱ्याला, सासूबाईंना आणि आईला एकदमच मेसेज केला: "बॅटरी ४%. फोन बंद पडू शकतो. मी बसमध्ये आहे, काळजी करू नका." मी बसमध्ये नव्हते. मी कोल्हापुरात आईच्या स्वयंपाकघरात आमटी-भात खात होते, फोन मिक्सरशेजारी चार्जिंगला होता आणि मेसेज ज्या आईला गेला ती माझ्या ताटात तूप वाढत होती. पुण्यात नवरा दचकून उठला. सासूबाई उठल्या, मग सासरे, मग खालच्या मजल्यावरचे काका, कारण सासूबाईंचा फोनवरचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. "इतक्या रात्री कुठल्या बसमध्ये आहेस गं तू?" आता काय सांगू?

आणि खरोखर बसमध्ये होते तेव्हा? खंबाटकीत ट्रकच्या मागे ट्रक, सहाची गाडी, कराड येईपर्यंत फोनचा जीव गेलेला, दादा कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवर येरझाऱ्या घालतोय. तेव्हा या दिवट्याने एक अक्षर पाठवलं नाही. ज्या एका कामासाठी मी टास्कर हे फोनकडून आपोआप कामं करून घेणारं ॲप विकत घेतलं, ज्यासाठी कित्येक रविवार वाया घालवले, ते एकच काम. बॅटरी २०% च्या खाली गेली की घरच्यांना एसएमएस. रॉकेट सोडायला सांगितलं नव्हतं.

टास्करला मी शिव्या देणार नाही, त्याची बाजू लख्ख आहे. "असं झालं की असं कर" या नियमाला त्यात प्रोफाइल म्हणतात, आणि `Run Log` नावाची वही असते, कुठला प्रोफाइल किती वाजता जागा झाला ते सगळं त्यात दिसतं. आमटी-भात संपवून ती उघडली. साताऱ्याच्या स्टँडवर इअरफोन लावल्याची नोंद आहे, कारण त्यावर आवाज कमी करायचा प्रोफाइल आहे. त्यानंतर काही नाही. थेट रात्री एक वाजताची. मधल्या काळात टास्कर अस्तित्वातच नव्हतं. फोनने त्याला मारून टाकलं होतं. का? तर म्हणे बॅटरी वाचवायला! बॅटरी संपतेय हे सांगणाऱ्यालाच बॅटरी वाचवायची म्हणून मारायचं. ज्याने हे लिहिलं त्याला एकदा शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून कोल्हापूरच्या गाडीत बसवा, सीट मागच्या चाकावरची द्या.

झालं असं होतं की मागच्या आठवड्यात रात्री सिस्टीम अपडेट आला. मी झोपलेली असताना आला, सकाळी "तुमचा फोन आता अधिक स्मार्ट" वगैरे. स्मार्टपणा काय केला, तर टास्करची बॅटरीची सेटिंग `Unrestricted` ठेवली होती ती गुपचूप `Optimized` करून टाकली. ऑटोस्टार्ट मात्र चालू ठेवलं. म्हणजे अख्खा दिवस मेलं तरी चालेल, पण फोन बंद होऊन परत चालू झाला की टास्कर टुणकन उठणार. म्हणूनच मिक्सरशेजारी जागं झाल्याबरोबर त्याने पाहिलं, बॅटरी ४, सांगितलेली हद्द ० ते २०, आपण हद्दीत, आणि पाठवला मेसेज. इमानदार आहे बिचारं.

आमचा मावसभाऊ, जो कॉम्प्युटरमधला आहे, म्हणाला, "अगं, ॲप बंद असलं तरी अँड्रॉइड उठवतंच की." नाही उठवत! फोन चालू झाला की उठवतं, पण बॅटरीचा टक्का बदलल्याची खबर फक्त त्या क्षणी जागं असलेल्या ॲपलाच मिळते. `ACTION_BATTERY_CHANGED` म्हणतात त्या खबरीला, आणि झोपलेल्या ॲपसाठी ती नसतेच, अँड्रॉइडच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. म्हणून टास्कर सतत वर नोटिफिकेशन लावून बसतं. ते नोटिफिकेशन तुम्ही स्वतः न हटवता गायब झालं, की समजायचं गेलं हे. मी ते पाहिलं का? नाही. मी गर्दीत खिडकीशी तोंड लावून बसले होते, माझ्या मांडीवर दुसऱ्याची बॅग होती.

मावसभावाचं दुसरं वाक्य ठरलेलं असतं: "व्हॉट्सॲपवर का नाही पाठवत?" अरे बाबा, व्हॉट्सॲपमध्ये मेसेज लिहून तयार ठेवता येतो, पण पाठवायचं बटण दाबायला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देऊन स्क्रीनवर खोटं बोट टेकवावं लागतं, त्याला स्क्रीन उघडी लागते, फोन अनलॉक लागतो. माझा फोन तेव्हा पर्सच्या तळाशी, कुलूपबंद, चुरमुऱ्यांच्या पिशवीखाली. शिवाय नेटपॅक. एसएमएस नेट नसतानाही जातो, म्हणून एसएमएस. आता आमच्या घरात एसएमएस कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. ते ओटीपी आणि कर्जाच्या जाहिरातींचं घर आहे. नवऱ्याच्या इनबॉक्समध्ये न वाचलेल्या मेसेजांचा आकडा चार अंकी आहे. दिवसा पाठवला असता तर कुणाला कळलंही नसतं. बरोब्बर रात्री एकलाच ऐकू आला सगळ्यांना.

आणि हो, २०% का, तेही ऐका. सुरुवातीला मी १०% ठेवलं होतं. माझ्या फोनची बॅटरी म्हातारी झालीय, ती ९ दाखवत असताना कॅमेरा उघडला की फोन सरळ बंद. आकडा ९, जीव शून्य. मग १५ केलं. तर १५ ला फोनचा बॅटरी सेव्हर आपोआप चालू होतो आणि मागे चालणाऱ्या ॲपचे हातपाय बांधतो. म्हणजे मेसेज जायच्या घटकेलाच बांधाबांध. म्हणून २०. आता २५ करणार आहे. लोकांचा फोन २५ ला निम्मा दिवस चालतो, तेव्हा आई म्हणणार, "पंचवीस आहे ना अजून, मग कशाला घाबरवतेस?" आई, तुला सिच्युएशन समजत नाही!

लोकेशनचा तर विषयच काढू नका. मागे दिवाळीत मेसेजमध्ये जागा पण टाकायची होती. टास्करमध्ये `Get Location v2` आहे, तो अक्षांश-रेखांश `%gl_coordinates` मध्ये ठेवतो. घाटात, बसच्या पत्र्याखाली, त्याला काही मिळेना. वेळ संपली की ती पायरी फसते, आणि पायरी फसली की टास्कर अख्खं काम तिथेच सोडून देतं, पुढचा एसएमएस जातच नाही. म्हणून त्या पायरीवर `Continue Task After Error` ची खूण केली. मग एसएमएस गेला, पण जागा मिळाली नसल्याने आकड्यांऐवजी ते नावच जसंच्या तसं गेलं. आईला मेसेज: "मी %gl_coordinates येथे आहे." आईने दादाला विचारलं, हे कुठलं गाव रे, कर्नाटकात आहे का? दादा आजही मला जीएल म्हणून हाक मारतो. पाहुण्यांसमोर.

तर काल सकाळी, झोप झालेली नसताना, आईने दिलेला चहा गार होऊ देत, मी सगळं परत मांडलं. ज्यांच्या घरी असंच चालतं त्यांच्यासाठी, घ्या:

```
Profile: BattKami
  Battery Level 0 - 25
  Power: Any (Invert)
Task:
  1 Stop               If %BattSent eq 1
  2 Send SMS  "Battery %BATT%"
  3 Variable Set %BattSent to 1
  4 Get Location v2
  5 Send SMS  "%gl_coordinates"

Profile: BattBharli
  Battery Level 60 - 100
Task:
  1 Variable Set %BattSent to 0
```

`Power` उलटा केलाय, म्हणजे चार्जरला लावलेलं असताना गप्प बसायचं. मिक्सरशेजारचा तमाशा त्याने बंद. पण तेवढ्याने भागत नाही. हॉटेलात दहा मिनिटं चार्जर लावून काढला की बॅटरी २५ च्या वर जाऊन परत खाली येते, किंवा खाली असतानाच वायर निघते, आणि दर वेळी प्रोफाइल नव्याने जागा होऊन पुन्हा मेसेज. म्हणून `%BattSent`. एकदा पाठवला की १, आणि बॅटरी ६० च्या वर चढेपर्यंत परत नाही. नावात एक तरी मोठं अक्षर हवं, तरच ते दोन्ही प्रोफाइलना दिसतं, आणि फोन बंद होऊन चालू झाला तरी लक्षात राहतं. लोकेशन मुद्दाम एसएमएसच्या नंतर ठेवलंय. ते फसलं तर फसू दे, काम तिथेच थांबेल, पहिला मेसेज तर गेलेला असेल. आणि जीएल गावाचं नावही जाणार नाही.

मजकूर इंग्रजी अक्षरांत का, असं विचारू नका. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. "काळजी करू नका" लिहायच्या नादात माझा मेसेज जागेसकट दोन तुकड्यांत जायचा आणि दोन मोजला जायचा. तसंही "काळजी करू नका" वाचून आजवर कुणी काळजी करायचं थांबलेलं नाही. आमच्याकडे तर ते वाचूनच सुरू होतात.

रेंज नसताना बॅटरीने २५ ओलांडलं तर मात्र हे सगळं पाण्यात. एसएमएस फसतो आणि टास्कर आपणहून परत प्रयत्न करत नाही. त्यावर उपाय म्हणून १२% ला आणखी एक प्रोफाइल, वेगळ्या खुणेचा. बॅटरी सेव्हरने त्याला जगू दिलं तर. सेव्हरची आपोआप चालू व्हायची सोयही मी बंद केलीय. आता फोन बॅटरी वाचवत नाही, त्यामुळे लवकर संपते, त्यामुळे मेसेज जास्त जातात. बरोबर आहे ना? मला पण हसू येतंय, नवऱ्याला मात्र सांगू नका. तो पहिल्या दिवसापासून एकच म्हणतो, "पॉवरबँक घे." पॉवरबँक आहे. ती पण चार्ज करावी लागते.

हे सगळं झाल्यावर आईने शांतपणे विचारलं, "बॅटरी भरली की पण मेसेज येतो का गं? म्हणजे कळेल, कुठेतरी टेकलीस." दुसरा प्रोफाइल होताच, ६० वाला. त्यात एक `Send SMS` वाढवायचा फक्त. वाढवला. आईला जाईल, सासूबाईंना जाईल. दादालाही जाईल, रोज, चार्जर लावला की. त्याने मागितला नव्हता.