जाहिरात नाकारली? आधी रागाने सात बटणं दाबा

गोव्यात मे महिना हा पुरुमेंताचा. पाऊस लागायच्या आत सुकी मासळी, सोलं, सांडगी मिरची, पापड असं सगळं घरात भरून ठेवायचं. अशा दिवसांत तुम्ही वाळवण विकायला मोबाइलवर जाहिरात दिली आणि ती नाकारली गेली, तर काय करावं, याचा सल्ला द्यायचा मला पूर्ण अधिकार आहे. माझा अनुभव ताजा आहे आणि डोकं अजून निवलेलं नाही.

सल्ला पहिला: मालाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.

आमची वहिनी डिचोलीला तांदळाच्या फेण्या करते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग बारीक वाटायचं. मीठ, जिरं, थोडी खसखस घालून ते पातळ पीठ ताटलीवर पळीभर पसरायचं, वाफवायचं आणि कडेने नखाने अलगद सोडवून उन्हात घालायचं. वाळलेली फेणी उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसतं. तेलात टाकली की फेसासारखी पांढरी फुलते. फेण म्हणजे फेस, म्हणून फेणी. काजूच्या बोंडांच्या रसाची जी दुसरी फेणी, तिचं नावही त्याच फेसावरून आलं असं सांगतात. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या फेणीला मिळाली बंदी.

मी जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: Goan Rice Feni, Homemade. रात्री नऊला टाकली, नऊ वाजून अकरा मिनिटांनी नाकारली. कारण: दारूची जाहिरात. अकरा मिनिटांत वहिनीच्या तीन दिवसांच्या तांदळाची घरगुती दारू झाली. भट्टीवालासुद्धा इतका झटपट नसतो.

सल्ला दुसरा: नाकारल्याचं कारण वाचू नका. वाचून रक्तदाब वाढतो.

सल्ला तिसरा, आणि हा मी मनापासून पाळला: ‘Request review’ हे बटण कारण न देता दाबा. ते दाबून झालं की तीच जाहिरात पुन्हा टाका. मग एका कॉपीत Feni चं F3ni करा, एकीत मध्ये टिंब घाला, एकीत फोटो उलटा फिरवा. मी सात कॉप्या टाकल्या. सातवी टाकताना आपण यंत्राला हरवतोय असं वाटत होतं. सकाळी उठलो तर जाहिरात राहिली बाजूला, अख्खं खातंच बंद. आता कारण दारू नव्हतं. आता कारण होतं, यंत्रणेला चकवण्याचा प्रयत्न.

इथे जरा थांबतो, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. एक जाहिरात नाकारली जाणं हा किरकोळ गुन्हा आहे, वाहतूक पोलिसाने शिट्टी मारल्यासारखा. पण नाकारलेलीच जाहिरात अक्षरं मोडून पुन्हा पुन्हा पाठवणं म्हणजे शिट्टी ऐकून गाडी दामटणं. दारूवाले, सट्टेवाले, बोगस औषधवाले नेमकं हेच करतात. अक्षराच्या जागी आकडा, शब्दात टिंब. त्यामुळे यंत्र आता तुम्हाला फेणीवाला म्हणून बघत नाही, लबाड म्हणून बघतं. आणि लबाडीचा शिक्का दारूच्या शिक्क्यापेक्षा पुसायला कठीण.

सल्ला चौथा: बायकोच्या नावाने नवीन खातं उघडा. तोच फोन, तेच डेबिट कार्ड, तीच वेबसाइट. आमचं चार तास टिकलं. ते आजतागायत बंद आहे आणि घरात त्याचा उल्लेख दिवसातून दोनदा होतो.

सल्ला पाचवा: ‘खातं हमखास चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे द्या आणि मागेल तो ओटीपी द्या. खातं बंद झाल्याचा वास यांना घरमाश्यांसारखा येतो. ‘तुमचं पेज चोवीस तासांत कायमचं जाणार’ असा मेसेज माझ्या इनबॉक्समध्ये तिसऱ्याच दिवशी आला, खाली लिंक. खरा निर्णय कंपनीच्या स्वतःच्या पानावर, लॉग इन केल्यावरच दिसतो, असल्या लिंकवर नाही. पण मग त्या बिचाऱ्यांचं पोट कसं चालणार?

शेवटी भाचा आला. तो पणजीत एका ऑफिसात हेच काम करतो. त्याने माझा फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “मामा, नक्की काय बंद झालंय? जाहिरात, जाहिरातीचं खातं, पेज की तू?”

मी म्हटलं, “सगळं एकच ना?”

एकच नसतं. कुलूप कुठल्या दाराला आहे ते बघून त्याच दाराशी अपील करायचं असतं. मी चार दिवस त्या मूळ जाहिरातीचं अपील करत बसलो होतो, आणि खातं बंद असताना जाहिरातीच्या अपिलाला अर्थच नव्हता. खात्याच्या स्थितीचं वेगळं पान असतं, तिथे प्रत्येक कुलूप आणि त्याचं कारण वेगवेगळं दिसतं. भाच्याने आधी त्या पानाचे स्क्रीनशॉट काढले, तारखेसकट. कारण नंतर ते पान बदलतं आणि मग आपण ‘तिथे असं लिहिलं होतं हो’ म्हणत बसतो.

मग त्याने जाहिरात उघडली. मी छाती पुढे काढून म्हटलं, “बघ, यात दारूचा थेंब तरी आहे का?”

त्याने फोटो मोठा केला. फेण्यांच्या सुपाशेजारी वहिनीने शोभेला कोकमाच्या आगळाची बाटली ठेवली होती. लालभडक आगळ, आणि बाटली कशाची? तुमच्याही घरात आगळ, खोबरेल आणि व्हिनेगर ज्या बाटलीत असतं तिचीच. लेबल अर्धं फाटलेलं, उरलेल्या अर्ध्यावर सोनेरी अक्षरांत ‘rum’ स्वच्छ वाचता येत होतं. यंत्र फोटोतली अक्षरंही वाचतं.

मग त्याने जाहिरातीतली लिंक दाबली, कारण यंत्र लिंकच्या पलीकडचं पानही तपासतं. आमच्या वेबसाइटच्या माथ्यावर मी हौसेने लिहिलेलं: Spirit of Goa. भाच्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. (मडगावात पुरुमेंताचं फेस्त ज्या चर्चपाशी भरतं, ते होली स्पिरिटचं. त्या बिचाऱ्यांनी जाहिरात द्यायचं ठरवलं तर देव त्यांचं भलं करो.)

म्हणजे फेणी हे नाव, रमची बाटली आणि स्पिरिट. तिन्ही एकत्र बघितल्यावर मीही स्वतःला पकडलं असतं. हे मी इथे पहिल्यांदा आणि शेवटचं कबूल करतोय.

यावरचा उपाय मात्र कंटाळवाणा आहे. जाहिरात बरोबर असेल तर तिला हात न लावता अपील करायचं. चूक असेल तर ती दुरुस्त करायची, म्हणजे ती आपोआप पुन्हा तपासणीला जाते. पण दुरुस्ती करायची ती मजकूर, फोटो आणि लिंकचं पान या तिन्हींत एकदमच. आज शब्द, उद्या फोटो, परवा पान असं केलंत तर नकाराची संख्या तीन होते. माझं तर खातंच बंद होतं, म्हणून आधी वेबसाइटचा माथा बदलला, आगळाची बाटली काढून नवा फोटो काढला आणि मग खात्याचं अपील एकदाच पाठवलं. मी लिहिलेला मसुदा दीड पानांचा होता. त्यात गोवा मुक्ती होती, स्त्री सक्षमीकरण होतं आणि ‘लाज वाटत नाही का’ हे वाक्य दोनदा होतं. भाच्याने ते सगळं खोडलं आणि एवढंच ठेवलं:

“आम्ही तांदळाचे वाळवलेले पापड विकतो. त्यांना मराठीत फेणी म्हणतात, त्यात दारू नाही. फोटोत जुन्या बाटलीत कोकमाचं आगळ होतं, तो फोटो काढला आहे. वेबसाइटवरचा गैरसमज करणारा मजकूर बदलला आहे. नाकारल्यावर त्याच जाहिरातीच्या कॉप्या टाकल्या आणि दुसरं खातं उघडलं ही माझी चूक होती. सोबत पाकिटाच्या लेबलचा फोटो आणि अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र.”

लेबलवर घटक लिहिलेले: तांदूळ, मीठ, जिरं, खसखस. खाली चौदा आकडी नोंदणी क्रमांक. ओळख पटवायला आधार मागितलं, तर जन्मतारीख प्रोफाइलवरच्या तारखेशी जुळत नव्हती, कारण मी तिथे स्वतःला सहा वर्षांनी तरुण केलं होतं. तेही दुरुस्त केलं. वय वाढलं.

नऊ मेला पाठवलं, तेवीसला खातं उघडलं. मधल्या काळात दुसरं अपील करू नकोस, असं भाच्याने दटावलं होतं. उत्तर येत नसेल किंवा एका ओळीचा नकार आला, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याने चोवीस तासांत पोच द्यायची असते. त्याच्या निर्णयानेही समाधान झालं नाही, तर तीस दिवसांच्या आत gac.gov.in वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं. तेव्हा ते स्क्रीनशॉट कामाला येतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आता जाहिरातीत ‘Rice Papad’ लिहितो. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पापड वेगळे, फेण्या वेगळ्या.” बरोबर आहे तिचं. पण यंत्राला कोण सांगणार?

आणि आता सल्ले पुरे. खातं बंद असताना पंधरा दिवस मी त्याच कंपनीचं ॲप बघत होतो. मला काय दिसत होतं? क्रिकेटच्या मध्ये एका दारूच्या नावाचा ‘सोडा’. छुप्या जाहिरातींवर २०२२ पासून केंद्राची बंदी आहे म्हणे. एका मंत्र्याचा खोटा चेहरा लावून ‘आज एकवीस हजार गुंतवा’. त्या जाहिरातीची मी तक्रार केली, तर उत्तर आलं की धोरणाचा भंग आढळला नाही. अहो, त्या खोट्या चेहऱ्याला तुम्ही पास करता आणि माझ्या वहिनीच्या तांदळाला अकरा मिनिटांत पकडता? तीनशे रुपये रोजचे माझेही घेता ना? आमच्याकडून पैसे घेताना तुम्हाला मराठी येतं, बटणं सगळी देवनागरीत असतात. अपील वाचायला मात्र मराठी जाणणारा एक माणूस सापडत नाही. बसवा की एक माणूस! डिचोलीतलाच बसवा, फेणी प्यायची आणि फेणी तळायची यातला फरक त्याला शाळेत जायच्या आधीपासून कळतो.

तेवीसला खातं उघडलं तेव्हा विकायला काही उरलं नव्हतं. वहिनीने सगळी पाकिटं दोन शुक्रवारांत म्हापशाच्या बाजारात विकून टाकली होती. तोंडाने ओरडून, “फेण्यो, फेण्यो” करत. एका पर्यटकाने तेवढं विचारलं, यात किती टक्के असतं. तिने त्याच्या हातावर तळलेली एक ठेवली.