ॲपवरचे २३३.७ युनिट, मीटरवरचे २७५

वाचकाची प्रतिक्रिया: «स्क्रीनशॉटवर २३३.७ युनिट स्पष्ट दिसत असताना आपण पाळीचा खर्च काढताना २७५ युनिट धरलेत. यंत्राने मोजलेले खोटे आणि आपले गणित खरे, असे कसे? शिवाय स्थिर आकार त्यात घेतलाच नाही, म्हणजे एकीकडे खर्च फुगवला आणि दुसरीकडे लपवला. माझा पंप साडेसातचा आहे, बिल शून्य येते. मग हा सगळा उपद्व्याप कशासाठी?»

महोदय,

आपले तीनही आक्षेप मुद्द्याचे आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. सुरुवात युनिटच्या आकड्यापासून करतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. उसाला पाणी देण्याच्या त्या पाळीनंतर मोटारीच्या स्टार्टरला जोडलेल्या मोबाइल ॲपच्या पडद्यावर आलेले आकडे असे होते:

```
Motor      10 HP
Run Time   31:20
Units      233.7
Avg V      398
Avg A      15.6
```

यातील ३१:२० म्हणजे ३१ तास २० मिनिटे, अर्थात ३१.३३ तास. त्याला ३१.२० समजून गणित केले, तर पुढची खूण सापडत नाही, म्हणून हे आधी स्पष्ट करतो. आता २३३.७ ला ३१.३३ ने भागले की ताशी ७.४६ युनिट येतात. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, आणि दहा अश्वशक्ती म्हणजे बरोबर ७.४६. म्हणजे या स्टार्टरने वीज मोजलेलीच नाही. ॲप पहिल्यांदा सुरू करताना आपण त्यात «१० एचपी» असे भरतो. त्या आकड्याला ते ०.७४६ ने आणि चाललेल्या तासांनी गुणते, आणि आलेल्या उत्तराला युनिट असे नाव देते. पाळीच्या चारही रात्रींचे आकडे वेगवेगळे काढून प्रत्येकाला त्या रात्रीच्या तासांनी भागले, तेव्हा दर वेळी ७.४६ च आले. खरोखर मोजणाऱ्या यंत्रात असे होत नाही. विजेचा दाब रात्रभर वरखाली होतो, विहिरीतील पाणी उपसल्यावर खाली जाते, आणि त्यामुळे ताशी युनिटचा आकडा रात्रीगणिक थोडा तरी हलतो. इतका स्थिर राहणारा आकडा मोजलेला नसून गुणाकारातून आलेला असतो.

या गुणाकारातला दोष असा, की मोटारीच्या पाटीवरची अश्वशक्ती ही मोटार आपल्या दांड्यावर जे काम देते त्याची असते, ती ओढत असलेल्या विजेची नसते. मोटार जितके काम देते त्याहून जास्त वीज घेते. मधला फरक वेटोळ्यांच्या तापण्यात, लोखंडी गाभ्यात आणि घर्षणात जातो. बिल ओढलेल्या विजेचे येते. पाळी सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर मी मीटरवरचा आकडा लिहून ठेवला होता: आधी १८,४६२ आणि नंतर १८,७३७. फरक २७५ युनिटचा, म्हणजे ताशी ८.७८. ॲपचा आकडा याच्यापेक्षा १५ टक्के कमी भरतो. मात्र हाच १५ टक्के फरक आपल्या मोटारीलाही लागू होईल असे समजू नये. मोटारीवर पूर्ण भार नसेल, तर ॲप उलट जास्तही दाखवू शकते.

मीटरच चुकत नसेल कशावरून, असे आपण विचाराल. त्याची पडताळणी त्याच पडद्यावरच्या व्होल्ट आणि अँपिअरमधून होते:

```
1.732 × 398 × 15.6 ÷ 1000 = 10.75 kVA
8.78 ÷ 10.75 = 0.82
```

हा ०.८२ म्हणजे शक्तिगुणक, म्हणजेच पॉवर फॅक्टर: व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारापैकी मीटरवर युनिट म्हणून मोजला जाणारा वाटा. भारावर चालणाऱ्या सबमर्सिबल मोटारीला तो साधारण असाच शोभतो. मीटरच्या आकड्यावरून तो ०.६ किंवा १.१ निघाला असता, तर मीटरवर किंवा ॲपच्या अँपिअरवर संशय घ्यावा लागला असता. तसे झाले नाही. दोन वेगळ्या मार्गांनी आलेले आकडे एकमेकांना धरून आहेत, म्हणून मी २७५ धरले.

याच ठिकाणी एक सावधगिरी सांगायला हवी. काही स्टार्टर अँपिअरवरून युनिट काढतात आणि शक्तिगुणक ०.८ किंवा ०.८५ असा ठरावीक धरतात. तिथे कपॅसिटर कुठे जोडला आहे यावर सगळे अवलंबून असते. अँपिअर मोजणारी कडी, म्हणजे सीटी, कपॅसिटरच्या आधी मुख्य वायरवर असेल, तर कपॅसिटर जोडल्यावर पडद्यावरचे अँपिअर घटतात, ॲपचे युनिटही घटतात, आणि मीटर मात्र जवळपास पूर्वीइतकेच फिरते. कपॅसिटर बसवल्याबरोबर वीज वाचू लागली, असे सांगणारे काही स्क्रीनशॉट मला दाखवले गेले आहेत. त्यांतली बहुतेक बचत या ठरावीक गुणकातली असावी असे माझे मत आहे. सीटी कपॅसिटर आणि मोटार यांच्यामधल्या वायरवर असेल, तर आकडा बदलत नाही. पेटी उघडून, अर्थात मुख्य स्विच बंद करून, हे एकदा पाहून घ्यावे.

मीटरशी ताळा करताना एक तासाचा प्रयोग करू नये. मीटरच्या पडद्यावर पूर्ण युनिटच दिसत असतील, तर तासाभरात आठ किंवा नऊ युनिट पडतील आणि एका युनिटची चूक दहा टक्क्यांहून मोठी ठरेल. आठ तासांच्या एका पूर्ण रात्रीत सत्तर युनिट पडतात, आणि तीच चूक दीड टक्क्यावर येते. मीटरचा पडदा एकामागून एक वेगवेगळे आकडे दाखवतो. त्यांतला kWh असे लिहिलेला आकडाच टिपावा. त्याच मीटरवर खोलीतला दिवा किंवा आणखी एखादी मोटार चालत असेल, तर ती त्या रात्री बंद ठेवावी. असा ताळा एकदा झाला की ताशी आकडा हाती येतो, आणि पुढच्या पाळ्यांसाठी ॲपचे फक्त तास वापरले तरी चालते. ॲपमधले तास बहुधा भरवशाचे असतात, कारण कॉन्टॅक्टर केव्हा बसला आणि केव्हा सुटला याचीच ती नोंद असते.

मात्र ते तास कोणत्या तारखांचे, इथे माझ्या मते युनिटपेक्षा मोठी चूक होते. आमची लाइट त्या आठवड्यात रात्री दहा ते सकाळी सहा होती. दोन एकर उसाच्या पाळीला चार रात्री लागल्या, सोमवार ते गुरुवार. ॲप मात्र मध्यरात्री तारीख बदलते. म्हणून सोमवारच्या खात्यात पहिल्या रात्रीचे दोनच तास पडतात आणि शेवटच्या रात्रीचे सहा तास शुक्रवारच्या नावावर जातात. सोमवार ते गुरुवार अशी तारीख निवडून स्क्रीनशॉट घेतला, तर ३१:२० ऐवजी २५:२० दिसते आणि खर्च एकोणीस टक्क्यांनी कमी भासतो. सोमवार ते शुक्रवार निवडावे, पण शुक्रवारी रात्री दहाला दुसऱ्या प्लॉटसाठी मोटार सुरू झाली असेल, तर ते दोन तास वजा करावे लागतात. सगळ्यात सोपे म्हणजे शुक्रवारी सकाळी लाइट गेल्यावर, ती पुन्हा येण्याच्या आत स्क्रीनशॉट घेणे. रेंज नसलेल्या विहिरीवर ॲप जुनाच आकडा दाखवत राहते, म्हणून शेवटचे अद्ययावत केव्हा झाले ती वेळही स्क्रीनशॉटमध्ये यायला हवी.

आता रुपये. महावितरणच्या बिलावर वीज आकार, वहन आकार आणि असल्यास इंधन समायोजन आकार या ओळी युनिटबरोबर वाढतात. त्यांची बेरीज करून त्या बिलातल्या युनिटने भागले, की आपला खरा युनिटमागचा दर मिळतो. गणित सोपे राहावे म्हणून इथे तो ५ रुपये धरतो. मीटरप्रमाणे पाळीचा खर्च १,३७५ रुपये होतो आणि ॲपच्या युनिटवरून १,१६८ रुपये.

स्थिर आकार मी यात मुद्दाम घेतला नाही. तो मोटारीच्या अश्वशक्तीवर दरमहा लागतो, आणि मोटार महिनाभर बंद राहिली तरी लागतोच. आणखी एक पाळी द्यावी की पावसाची वाट पाहावी, हे ठरवताना त्या पाळीमुळे वाढणारा खर्चच विचारात घ्यायचा असतो. स्थिर आकार तिथे मिसळला तर पाळी आहे त्यापेक्षा महाग दिसते. उसाचा वर्षाचा जमाखर्च मांडताना मात्र तो धरलाच पाहिजे. समजा वर्षाचा स्थिर आकार ६,००० रुपये आला आणि त्या पंपावरून सगळ्या प्लॉटना मिळून ४० पाळ्या झाल्या, तर प्रत्येक पाळीमागे १५० रुपये वाढतील. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ज्यांची जोडणी मीटरशिवाय, केवळ अश्वशक्तीवर आकारली जाते, त्यांच्या बिलात जादा पाळीने एक पैसाही वाढत नाही. त्यांनी रुपयांचा हा हिशेब करूच नये.

आपल्या साडेसातच्या पंपाबद्दल. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल शासन भरते, आणि योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. तेव्हा आपल्या पाळीचा विजेचा खर्च आज शून्य, हे मान्य. माझी मोटार दहाची असल्याने ती या मर्यादेबाहेर आहे. तरीही त्याच क्षेत्राला दर पाळीस किती तास लागले ही नोंद आपणही ठेवावी असे मला वाटते. गेल्या महिन्यात ३१ तासांत भिजणारे दोन एकर या महिन्यात ३८ तास घेऊ लागले आणि अँपिअर तेवढेच किंवा थोडे कमी असतील, तर पाण्याची पातळी खाली गेली आहे, इंपेलर झिजले आहेत किंवा पाइप कुठेतरी गळतो आहे. यांतले पहिले कारण वेगळे काढायला विहिरीत दोरी सोडून पातळी मोजली की पुरते. बिल शून्य असल्याने ही गोष्ट रुपयांतून कधीच कळणार नाही, ती फक्त तासांतून कळते.

आपल्या ॲपवर कोणत्याही एका रात्रीच्या युनिटना त्या रात्रीच्या तासांनी भागून पाहावे. मिनिटांना साठने भागून तास दशांशात आणायला विसरू नये. उत्तर ५.५९ किंवा ५.६० च्या आसपास आले आणि चारपाच रात्री तेच राहिले, तर ते ७.५ गुणिले ०.७४६ आहे. नेमके ५.५ येत राहिले, तर पाटीवरचे किलोवॅट गुणले जात आहेत. आकडा रात्रीगणिक हलत असेल, तर आपला स्टार्टर अँपिअर तरी मोजतो आहे. मग सीटी कपॅसिटरच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून, मीटरशी एका रात्रीचा ताळा घ्यावा.