शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो टाकण्याआधी

जून उजाडला की आपल्या सगळ्यांच्या फेसबुकवर कोऱ्या युनिफॉर्ममधली, दप्तराच्या ओझ्यानं मागं झुकलेली पोरं दिसायला लागतात. मला हे फोटो बघायला आवडतात. तरीही माझं मत असं आहे की मुलांचा एखादा फोटो टाकला तर चालेल, पण शाळेच्या पहिल्या दिवसाचा, गेटवरचा फोटो फेसबुकवर टाकू नये. मी साताऱ्यात कॉम्प्युटरचे क्लास घेते, पालक फोन घेऊन शंका विचारायला येतात, आणि हा विषय दरवर्षी निघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझ्या वहिनीनं मागं भाचीचा असाच फोटो टाकला होता. तिला विचारून सांगतेय, बारीकसारीक तपशील बदललेत. फोटो सुरेख होता. पोरगी हसत उभी, गळ्यात ओळखपत्र. मी फोटो बोटांनी मोठा करून वहिनीला दाखवला. ओळखपत्रावर पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, रक्तगट आणि खाली दादाचा मोबाईल नंबर. खिशावर शाळेचा बिल्ला. मागं रिक्षा उभी, एमएच ११ पासून पुढचा सगळा नंबर वाचता येत होता. रिक्षाच्या बाजूला सोसायटीच्या पाटीची अर्धी अक्षरं. वर कॅप्शन, "आता रोज सकाळी सातला पळापळ!" आणि खाली आमच्या आत्याची कमेंट, "माझी चिऊ ती, किती मोठी झाली गं."

या कमेंटनं मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. घरात हाक मारायचं नाव बाहेरच्याला माहीत नसतं, म्हणून लहान मूल त्या नावावर विश्वास ठेवतं. गेटवर कुणी "चिऊ, रिक्षावाले काका आज येणार नाहीत, बाबांनी मला पाठवलंय" म्हणालं, तर सहा वर्षांच्या पोरीनं काय समजायचं? शाळा, वेळ, रिक्षा, वडिलांचं नाव, लाडाचं नाव, सगळं एका पोस्टमध्ये होतं. असं काही घडलं नाही आणि उद्या लगेच घडेल असंही मी म्हणत नाही. पण फोनवर "तुमच्या मुलीला लागलंय, ताबडतोब पैसे पाठवा" म्हणणाऱ्यालाही हीच माहिती लागते. मुलीचं नाव आणि तुकडी बरोबर सांगितली की आईबापाचं डोकं चालेनासं होतं.

वहिनी म्हणाली, "पण ताई, मी फ्रेंड्सनाच ठेवलंय की!" खरं होतं. पण तिनं दादाला टॅग केलं होतं. फ्रेंड्सपुरत्या पोस्टमध्ये कुणाला टॅग केलं की त्याच्या फ्रेंड्सनाही ती पोस्ट दिसू शकते. दादाचा धंदा वाहनांच्या स्पेअर पार्टचा, गिऱ्हाईकाची रिक्वेस्ट आली की तो घेतो. म्हणजे वहिनीच्या ओळखीच्या माणसांसोबत ज्यांना तिनं कधी पाहिलंही नाही अशा सगळ्यांपर्यंत तो फोटो पोचला. टॅग काढून टाकणं हा यावरचा सरळ उपाय. नवऱ्याला आपल्याच मुलीचा फोटो बघायला टॅग लागत नाही.

दुसरी गोष्ट, पोस्ट कुणाला दिसावी याची निवड फेसबुक लक्षात ठेवतं. दिवाळीत तुम्ही फराळाच्या ऑर्डरची पोस्ट सगळ्यांसाठी, म्हणजे पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह ठेवून टाकली, तर पुढची पोस्टही तशीच जाऊ शकते, तुम्ही बदलेपर्यंत. त्यामुळे पोस्ट करताना नावाखालचं ते छोटं चिन्ह दरवेळी बघा. कव्हर फोटो तर सगळ्यांनाच दिसतो, तिथं मुलांचा फोटो नकोच. जुन्या पोस्टसाठी सेटिंगच्या सर्चमध्ये past posts टाइप करा, Limit past posts सापडेल. तेवढ्यानं आधी सगळ्यांना उघड्या असलेल्या पोस्ट फ्रेंड्सपुरत्या होतात. मग प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत View as दाबून परक्या माणसाला आपलं पान कसं दिसतं ते पाहा. क्लासमध्ये हे पहिल्यांदा पाहून बऱ्याच आया दचकतात.

लोकेशन बंद करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. फोनचा कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये जागा नोंदवतो, हे खरं. फेसबुकवर टाकलेल्या किंवा व्हॉट्सअॅपवर नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोतून ती नोंद समोरच्याला मिळत नाही. तोच फोटो चांगला दिसावा म्हणून व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट करून पाठवला, तर मूळ फाइल जाते आणि नोंदही सोबत जाते. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंदच असू द्या. पण फोटोत जे डोळ्यांना दिसतं, ते कुठलंच सेटिंग पुसत नाही. साताऱ्यात तर पाटीचीही गरज नाही. घराच्या गॅलरीत काढलेल्या फोटोत मागं अजिंक्यतारा किल्ला कुठल्या अंगानं दिसतोय, यावरून घर शाहूपुरीकडं की गोडोलीकडं, हे इथला माणूस चटकन सांगेल.

ओळखपत्र झाकायला फोनमधलं मार्करपेन वापरू नका. काही पेनांचा रंग अर्धपारदर्शक असतो, दोनतीनदा फिरवून आपल्याला काळं दिसतं, पण उजेड वाढवला की अक्षरं परत वाचता येतात. सरळ कापून टाका. गळ्याच्या वरचा चेहरा आणि मागं कोरी भिंत एवढं ठेवलं तरी आठवण राहते. त्याहून सोपं म्हणजे ओळखपत्र काढून घरातच फोटो काढायचा. आणि वाढदिवसाला केकवर नाव, मेणबत्तीचा आकडा आणि "आज आमची परी ५ वर्षांची" असं त्याच दिवशी लिहिलंत, तर पूर्ण जन्मतारीख कायमची उघड झाली. चार दिवसांनी टाका, आकडा नसलेला फोटो टाका.

आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो मात्र कुठेच नकोत. तान्ह्या बाळाचेसुद्धा. फ्रेंड्समधल्या एकानं स्क्रीनशॉट काढला की तो फोटो कुठं फिरेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि तो परत आणायचं बटण नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे घरातले वडीलधारे आहेत. त्यांच्यापुढंही मी मागं हटत नाही.

मुलांचा एकही फोटो कुणाला दाखवू नका, असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. बाप सीमेवर असतो, पोराचा पहिला दिवस त्याला फोनवरच दिसणार. त्या घरातला फोटो जायलाच हवा, फक्त थेट त्याच्या नंबरवर. आजी-आजोबा, मावशी, काका यांचा पाच-सात जणांचा ग्रुप करा, वहिनीनं तेच केलं. व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवायचाच असेल तर प्रायव्हसीत Only share with निवडून मोजकी नावं घाला. नाहीतर नंबर सेव्ह असलेला गॅसवाला आणि प्लंबरही तो बघू शकतो, त्यांच्याकडं तुमचा नंबर सेव्ह असला की झालं.

शाळेचं काय, हाही प्रश्न येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याचा डेटा वापरायला पालकांची संमती मागितलीय. घरगुती कारणासाठी फोटो वापरणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे आपल्याला, तो लागू होत नाही. म्हणून आपल्याला अडवणारं कुणी नाही. शाळेच्या पेजवर नाव आणि तुकडीसह फोटो जात असतील, तर मात्र वर्गशिक्षकांना भेटून लेखी कळवा, "फोटो चालेल, नाव नको." मी तसं पत्र भाचीच्या शाळेसाठी दादाला लिहून दिलं. चार ओळींचंच आहे, कुणाला हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, मेसेज करते. कमेंटमध्ये मुलांची नावं मात्र लिहू नका.