प्रिव्ह्यूची लिंक उघडा तरी!

पुल रिक्वेस्टखाली प्रिव्ह्यूची लिंक येते, ती कशासाठी? हिरवी टिक बघून अप्रूव्ह दाबायला? हिरवी टिक म्हणजे बिल्ड झालं, एवढंच. पान नीट दिसतंय असं ती कुठे सांगते?

रत्नागिरीत बसून आम्ही किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांची बुकिंग साइट बनवतो. गेल्या आठवड्यात कार्डाच्या शीर्षकाचा बदल आला. दोघांनी अप्रूव्ह केला, मर्ज झाला आणि लाइव्ह साइटवर गुहागरचं ‘गहागर’ झालं! उकारच गायब! कारण काय, तर हे:

```css
line-height: 1;
overflow: hidden;
```

ओळीची उंची अक्षराएवढीच, शिवाय बाहेर गेलेलं सगळं कापायचं. मग खालचा उकार राहणार कुठे? प्रिव्ह्यूत डेटा होता ‘Test Room’. त्यात उकार कुठून येणार? एक मराठी नाव टाकून बघायला किती वेळ लागतो? `line-height: 1.5` केलं, उकार परत आला.

आणि बघणारे तरी काय बघतात? लॅपटॉपवर होमपेज, झालं! अरे, आमची गिऱ्हाईकं एसटीत बसून मोबाइलवर खोली शोधतात. खिडकी ३६० पिक्सेलवर आणा, बदललेलं पानच उघडा, लांब नाव टाका.

त्यात दुसरा वैताग: जुनी लिंक उघडून ‘दुरुस्ती दिसत नाही’ म्हणायचं! काही लिंका एकाच कमिटला बांधलेल्या असतात, नवा पुश झाला तरी त्या जुनंच दाखवतात. कमिट हॅशची पहिली सात अक्षरं शेवटच्या कमिटशी जुळवून बघा की आधी!