मजहबवाल्यांच्या मागे म्हणे नमाज होत नाही

«कुरआन एक, नबी एक, किबला एक, मग इमाम चार कशाला? इमामांनी हदीस सोडून आपापली मतं चालवली आणि उम्मतचे तुकडे केले. ‘माझ्या उम्मतमधला मतभेद ही रहमत आहे’ ही हदीससुद्धा बनावट आहे. अशा मजहबवाल्यांच्या मागे नमाज होत नाही. सगळ्यांना पाठवा.»

हा मजकूर तीन ग्रुपांवरून आला तेव्हा मी सोडून दिला होता. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याच्या तोंडून आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, रावेरहून आमच्याकडे यावलला आलेला. मगरिबला जमात उभी राहिली आणि हा वजूखान्याजवळ घुटमळत राहिला. सलाम फिरल्यावर कोपऱ्यात एकट्याने पढला. विचारलं तर म्हणतो, “मामू, त्यांच्यामागे होत नाही.” ज्या इमामसाहेबांनी त्याला अलिफ-बे शिकवलं, त्यांच्याबद्दल हे! त्या शनिवारी इशानंतर आमच्या अभ्यासवर्गात नवी पोरं येणार होती. ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि यावरच बोललो.

आधी बनावट हदीसचं. ते बरोबर आहे, मान्य. ‘मतभेद रहमत’ या वाक्याला मुहद्दिसांना सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, सापडलेली नाही, आणि आमच्या वाझांमधून ते बिनदिक्कत हदीस म्हणून सांगितलं जातं, ही आमचीच चूक. पण मतभेद चालवून घेण्याचा आधार ते वाक्य कधीच नव्हतं. आधार बुखारीत आहे. हिजरी 5, खंदकची लढाई संपलेली. प्रेषितांनी (स.) साथीदारांना सांगितलं, असरची नमाज बनू कुरैझाकडे पोहोचूनच पढा. वाटेतच असरची वेळ झाली. काही म्हणाले, हुकूम स्पष्ट आहे, पोहोचल्याशिवाय पढायची नाही. काही म्हणाले, लवकर निघा एवढाच त्याचा अर्थ, नमाज लांबवा असा नाही. आणि त्यांनी वाटेतच पढली. प्रकरण प्रेषितांपुढे (स.) गेलं तेव्हा त्यांनी दोघांपैकी कुणालाच रागावलं नाही. चार इमाम तेव्हा जन्मालाही यायचे होते.

आता ‘हदीस सोडली’ हे. हे वाचून माझं डोकं फिरतं, कारण लिहिणाऱ्याने एकही मसला मुळापासून पाहिलेला नाही. मी आमच्या घरातलाच घेतो. सून रत्नागिरीकडची, म्हणजे शाफई. मुलगा आमच्यासारखा हनफी. दोघांचा वजू झालेला असतो, ती त्याच्या हातात टॉवेल देते, बोटाला बोट लागतं. तो तसाच मुसल्ल्यावर उभा राहतो, ती पुन्हा वजू करायला जाते. पोरं हसली. हसा, पण कारण ऐका.

वजूच्या संदर्भात कुरआनात दोन ठिकाणी, निसाच्या 43 व्या आणि माइदाच्या 6 व्या आयतीत, ‘किंवा तुम्ही स्त्रियांना लमस केलं असेल’ अशा अर्थाचे शब्द आहेत. लमस म्हणजे हात लावणं. पण आपणही उघड बोलायच्या गोष्टी आडून बोलतो, तसा अरबीत हाच शब्द पतिपत्नीच्या संबंधालाही वापरतात. इब्ने अब्बास (रजि.) म्हणाले, इथे तोच अर्थ. इब्ने उमर (रजि.) म्हणाले, हाताचा स्पर्शही यात येतो. दोघेही सहाबी, दोघांचीही मातृभाषा अरबी. आता यांतला कुणी हदीस सोडणारा, ते त्या मजकूरवाल्याने सांगावं.

पुढे हदीसवर या. प्रेषितांनी (स.) एका पत्नीचं चुंबन घेतलं आणि वजू न करता नमाजला गेले, अशी हजरत आयेशांची (रजि.) एक रिवायत आहे. हनफी ती दाखवतात. पण ती उर्वांकडून सांगणारे हबीब यांनी उर्वांकडून प्रत्यक्ष ऐकलेलं नाही, असं खुद्द इमाम बुखारींचं मत तिरमिजींनी नोंदवलं आहे. म्हणजे साखळीतली एक कडी निसटलेली. ज्याला ती कडी मजबूत वाटली त्याने रिवायत घेतली, ज्याला नाही वाटली त्याने बाजूला ठेवली.

दुसरी हदीस पक्की आहे. हजरत आयेशा (रजि.) पुढ्यात झोपलेल्या असत, सजद्याच्या वेळी प्रेषित (स.) त्यांना हाताने खुणावत, मग त्या पाय आखडून घेत. त्या दिवसांत घरात दिवे नसत, असंही त्या सांगतात. ही हदीस शाफईंनाही मान्य आहे. ते म्हणतात, झोपलेल्या माणसाच्या अंगावर कपडा असतो, स्पर्श त्यावरून झाला असेल. मला हे जरा ओढून आणलेलं वाटतं. पण मी हनफी घरात वाढलो, मला तसं वाटणारच. इमाम मालिक या दोन मतांच्या मध्ये कुठेतरी आहेत: इच्छेने स्पर्श केला तर वजू गेला, सहज लागला तर नाही.

म्हणजे शब्दाचे दोन अर्थ, एका साखळीबद्दल शंका, आणि पक्क्या हदीसचे दोन उलगडे. एवढं सगळं टॉवेल देताना लागलेल्या एका बोटामागे आहे.

उम्मतच्या तुकड्यांबद्दल मान खाली घालून थोडं मान्य करतो. मक्केच्या हरममध्ये कित्येक शतकं चार मजहबांच्या चार वेगळ्या जमाती होत. गेल्या शतकात सौदी राजवट आल्यावर ते थांबलं, बरं झालं. नंतरच्या काही मौलवींनी एकमेकांच्या मागे नमाज नाही, असे फतवेही दिले. पण गंमत बघा, तो मजकूर नेमकं त्यांचंच म्हणणं पुढे पाठवतोय.

कारण खुद्द इमामांचं वागणं उलट होतं. दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी अठराव्या शतकात मतभेदांच्या कारणांवर ‘अल-इन्साफ’ लिहिलं, त्यात हे सगळं आहे. हारून रशीदने तुंबडी लावून रक्त काढलं आणि वजू न करता नमाज पढवली. इमाम मालिकांनी त्याला वजू गेला नाही असा फतवा दिला होता. मागे इमाम अबू हनीफांचे पट्टशिष्य अबू यूसुफ उभे होते. हनफींच्या मते रक्त वाहिलं की वजू जातो. तरी ते मागे पढले आणि नमाज परत केली नाही. इमाम अहमद यांच्याही मते असं रक्त गेल्यावर वजू करावा लागतो. त्यांना कुणीतरी विचारलं, रक्त निघूनही वजू न करणाऱ्याच्या मागे तुम्ही पढाल का? ते म्हणाले, इमाम मालिक आणि सईद बिन मुसय्यब यांच्या मागे मी कसा नाही पढणार?

इथे एक नवीन पोरगा उठला. “मग जे सोपं पडेल ते घ्यायचं ना भो?” नाही. समज, केळीचा घड कापताना तुझं बोट कापलं, रक्त वाहिलं. तू म्हणालास, शाफईंकडे याने वजू जात नाही. घरी आलास, बायकोचा हात लागला. म्हणालास, हनफींकडे याने जात नाही. आता तसाच नमाजला उभा राहिलास, तर रक्तामुळे अबू हनीफा म्हणतील वजू नाही, स्पर्शामुळे शाफई म्हणतील वजू नाही. दोन्ही इमामांच्या हिशेबाने तू बिनवजूचा.

“म्हणजे वजूच करून टाकावा,” तो म्हणाला. सगळे हसले.

भाचा मागच्या रांगेत होता. वर्ग संपल्यावर एवढंच म्हणाला, “मामू, ते इमाम अहमदचं कुठे लिहिलंय म्हणालात?” माझ्याकडची ‘अल-इन्साफ’ची उर्दू प्रत त्याला दिली. अजून परत आलेली नाही.