सोळा बाय दहाचा हॉल

घर भाड्याने बघायला गेल्यावर खिशातून टेप काढू नये, हा धडा मला कर्वेनगरातल्या एका मालकीणबाईंनी मागच्या रविवारी दिला. मी टेपचं टोक भिंतीला लावलं आणि त्या दारातूनच म्हणाल्या, "भाड्यानं घेताय ना? की विकत?" एजंट हसला. माझी बायकोही हसली, ते मी अजून विसरलेलो नाही.

आमची अडचण साधी आहे. सोफा सात फुटी, पुस्तकांचं कपाट पाच फुटी, आणि फ्रिज स्वयंपाकघरात मावत नाही म्हणून हॉलमध्ये, तो अडीच फूट. तिन्ही एका भिंतीला लावायचे तर साडेचौदा फूट लागतात. "हॉल ऐसपैस आहे हो साहेब" या वाक्यात किती फूट असतात ते मला कळत नाही. म्हणून ठरवलं की पुढच्या घरी मोजायचं, पण कोणाला कळू न देता. हात मागे बांधून, खिडकीतला देखावा बघतोय असं दाखवत चालायचं आणि मनात पावलं मोजायची.

त्यासाठी आधी आपलं पाऊल किती लांब आहे ते माहीत हवं. एका पावलात किती चालतो ते मोजायला जाऊ नये, त्यात दोन बोटांची चूक झाली तरी ती पुढे प्रत्येक पावलाला चिकटते. माहितीचं मोठं अंतर चालायचं, पावलं मोजायची आणि भागायचं. बॅडमिंटन कोर्टाची लांबी 44 फूट, म्हणजे 13.40 मीटर. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या मागे कोर्ट आखलेलं आहे. सकाळी सहा वाजता तिथे कोणी नसतं, असा माझा समज होता.

बाकावर काका होते. निवृत्त, पांढरी हाफ पँट, मांडीवर घडी न मोडलेलं वर्तमानपत्र.

"चप्पल," ते म्हणाले.

"अं?"

"कोर्टावर चप्पल चालत नाही. पाटी आहे."

पाटी होतीच. पुण्यात पाटी नसेल अशी जागा दाखवा. मी चपला काढल्या आणि रेषेपासून निघालो. एक, दोन, तीन...

"काही हरवलंय का?"

"नाही काका, पाऊल मोजतोय."

"कोणाचं?"

माझी गिनती गेली. परत रेषेवर आलो. या वेळी एकोणीस भरली. मी मोबाईलवर लिहून घेतोय तोवर काका उठून जवळ आले.

"असे चालता का तुम्ही रोज?"

"म्हणजे?"

"म्हणजे रोज दूध आणायला जाता तेव्हा मी बघतो ना तुम्हाला. तेव्हा पाय ओढत जाता. आत्ता संचलनाला निघाल्यासारखे टांगा टाकत होता. मोजायचंय म्हटल्यावर पाऊल फुगलं तुमचं."

हे ऐकून मला जो राग आला तो त्यांचं म्हणणं खरं असल्यामुळेच. मोजमाप सुरू झालं की माणूस पोट आत घेतो तसं पाऊल लांब टाकतो. उपाय त्यांनीच सांगितला, आणि तोही हुकमी आवाजात: रेषेच्या चार पावलं मागून निघा, रेषेवर याल तेव्हा चाल आपोआप नेहमीची होते, तिथून मोजा, आणि खाली बघू नका. ते रेषेपाशी उभे राहिले आणि मी आत शिरताच "हां!" असं ओरडायला लागले. चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. एकोणीस, साडेएकोणीस, एकोणीस, साडेएकोणीस. सरासरी सव्वाएकोणीस, म्हणजे एक पाऊल साधारण साडेएकोणसत्तर सेंटिमीटर. काकांनी भागाकार तोंडी केला आणि माझ्या मोबाईलमधल्या उत्तराकडे अविश्वासानं बघितलं.

पावलांनी मोजणं हलकं काम नाही, असं मी घरी सांगितलं. 1865 साली निघून ल्हासापर्यंत गेलेल्या पंडित नैनसिंग रावत यांना मैलाला दोन हजार पावलं इतकं एकसारखं चालायला शिकवलं होतं, आणि गिनती चुकू नये म्हणून त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते, दर शंभर पावलांना एक मणी. बायको म्हणाली, ते तिबेटला गेले होते, तू कोथरूडला चाललायस. लागलं मनाला, पण मुद्दा नेमका तोच होता. हजारो पावलांत कमीजास्त एकमेकांत जिरतं. हॉलमध्ये पावलं पडतात सहा. तिथे काहीच जिरत नाही, आणि अर्धं पाऊल अंदाजानं धरलं तर एका झटक्यात सव्वा फूट इकडचा तिकडे होतो. म्हणून उरलेला तुकडा पावलात मोजायचा नाही. टाचेला अंगठा लावून, तळव्यानं मोजायचा. माझा तळवा पंचवीस सेंटिमीटर.

कोथरूडच्या घरी चपला बाहेर काढायला लावल्या, ते सोयीचंच झालं. एजंट म्हणाला, "सोळा बाय दहाचा हॉल, साहेब." मी टाच भिंतीला टेकवली, हात मागे बांधले आणि "उजेड छान आहे" म्हणत निघालो. सहा पावलं, पुढे एक तळवा आणि तीन बोटं. परत मोजलं, तेवढंच. तिसऱ्यांदाही तेवढंच. हिशेब केला तर चौदा फूट आठ इंच. सोळा नाहीतच, पण आमचं सामान दोन इंच राखून बसत होतं!

मग लक्ष फरशीकडे गेलं. टाइल्स दोन बाय दोनच्या. सात पूर्ण आणि एक पाव कापलेली, म्हणजे बरोबर साडेचौदा फूट. इथे मी खूश होऊन थांबलो असतो, पण आमच्या घरातली तसली टाइल मी एकदा टेपनं मोजली होती. तिला म्हणतात दोन फुटी, असते साठ सेंटिमीटर, दर टाइलमागे जवळजवळ एक सेंटिमीटर कमी. सव्वासात टाइल म्हणजे 435 सेंटिमीटर, चौदा फूट तीन इंच. फ्रिज तीन इंचांनी दाराबाहेर. मग माझ्या पावलांतले पाच इंच गेले कुठे?

संध्याकाळी काका बाकावरच होते. त्यांना आकडे सांगितले. त्यांनी जराही विचार केला नाही.

"आपलं कोर्ट त्रेचाळीस फुटी आहे."

"काय?"

"पाण्याची टाकी आड येत होती. एक फूट आत घेतलं. मी कमिटीत होतो तेव्हा."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही पाऊल मोजत होता."

म्हणजे माझं पाऊल अडुसष्टचं, आणि सहा पावलांत साडेतीन इंच हवेत गेलेले. राहिलेला इंच-दीड इंच मी हॉलचाच धरला. समोर भिंत येतेय हे पायांना कळतं, ते आखडतात. पण ते मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी त्यावरही काहीतरी सांगितलं असतं.

रात्री एजंटचा फोन आला. भाड्यात हजार कमी करून मागा, असं मी त्याला बजावलं होतं.

"मालक नाही म्हणतात हो साहेब. म्हणाले, त्यांना हॉल फारच आवडलेला दिसतोय, तीन-तीनदा फिरून बघत होते. उलट पाचशे जास्त मागतायत."